शाळेतलं पाणी मोजायचं कसं: एका टाकीपासून सुरू होणारं ऑडिट

प्रश्न: आमची नाशिकमधली माध्यमिक शाळा. इको क्लबमध्ये आठवी-नववीची वीसेक मुलं-मुली आहेत. यंदा कचरा, पाणी आणि वीज अशा तिन्हींचं पर्यावरण ऑडिट करायचं ठरलंय. उपकरणांसाठी पैसे नाहीत. नक्की काय मोजायचं आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात पाण्यापासून करा, आणि या सत्रात फक्त पाणीच घ्या. तिन्ही विषय एकदम हाती घेतले की प्रत्येकाची एक प्रश्नावली भरली जाते. नळ किती, पंखे किती, कचऱ्याचे डबे किती याची मोजदाद होते आणि वही कपाटात जाते. नळ किती आहेत हे मोजलं म्हणजे पाणी मोजलं असं होत नाही. पाणी आधी घ्या म्हणतो त्याचं कारण असं, की शाळेचं जवळजवळ सगळं पाणी गच्चीवरच्या एका टाकीतून खाली येतं. ती टाकी किती उतरली हे नोंदवलं की आलेलं आणि गेलेलं पाणी यांचा हिशोब जुळवून पाहता येतो. जुळला नाही तर तेही लगेच कळतं. विजेच्या आणि कचऱ्याच्या बाबतीत इतकं सोपं एकच ठिकाण नसतं.

साहित्य घरचंच लागेल: मोजपट्टी, टाकीच्या खोलीइतकी लांब सरळ लाकडी पट्टी, खडू, खुणा केलेली वीस लिटरची बादली, घड्याळ आणि वही.

पहिलं काम म्हणजे टाकी एक सेंटिमीटर उतरली तर किती लिटर गेले हे ठरवणं. सिमेंटची चौकोनी टाकी असेल तर आतली लांबी आणि रुंदी मोजा. बाहेरून मोजाल तर भिंतीची जाडी धरली जाईल आणि सगळे आकडे फुगतील. ज्या शाळेचं उदाहरण पुढे देणार आहे ती सिडकोच्या बाजूची, साडेसातशे माणसांची, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, शिपाई सगळे धरून. तिची टाकी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल. ३ गुणिले २ म्हणजे ६ चौरस मीटर; त्यावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ६० लिटर. हा ६० चा आकडा मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच होता. तुमच्याकडे काळ्या प्लॅस्टिकच्या गोल टाक्या असतील तर सुतळीने घेर मोजा, घेराचा वर्ग करा आणि १२.५७ ने भागा. घेर ३४५ सेंटिमीटर असेल तर साधारण ९४७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. दोन-तीन टाक्या खालून एकमेकींना जोडलेल्या असतील तर सगळ्यांची बेरीज धरायची, कारण त्या एकत्रच उतरतात.

हा आकडा एकदा तपासून घ्या. शाळा सुटल्यावर इतर नळ बंद ठेवून एका नळावरून वीस लिटरच्या पंधरा बादल्या भरा आणि त्या पाण्याने वऱ्हांडे धुवून घ्या. ३०० लिटर गेले, म्हणजे आमच्या टाकीत पाच सेंटिमीटर उतरायला हवेत. चारच उतरले तर माप कुठेतरी चुकलंय, किंवा पंप नकळत चालू आहे.

पातळी बघायची रीत साधी आहे. पट्टीला कोरडा खडू घासायचा, ती तळाला टेकेपर्यंत सरळ आत सोडायची आणि बाहेर काढायची. भिजलेला भाग गडद दिसतो आणि ती रेघ अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत नीट वाचता येते. दर वेळी टाकीच्या त्याच कोपऱ्यात पट्टी सोडा. तळाला गाळ असला तरी चालतो, कारण आपल्याला दोन नोंदींमधला फरकच हवा असतो.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक शाळेला स्पष्ट सांगतो. टाकीवर मुलांनी चढायचं नाही. पट्टी शिपाईकाकांनी किंवा शिक्षकांनी सोडायची. मुलांनी गच्चीवर कठड्यापासून लांब उभं राहून आकडा ऐकायचा आणि लिहायचा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण तर मोठ्या माणसानेही एकट्याने उघडू नये, आणि आत उतरायचा प्रश्नच नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि तो कमी आहे हे बघून किंवा वासाने कळत नाही. गच्चीवर नेणं शक्यच नसेल तर प्लंबरकडून टाकीच्या बुडाशी पारदर्शक नळी उभी बसवून घ्या. नळीतली पातळी आणि टाकीतली पातळी एकच असते.

आता खरी पहिली चाचणी. ती शाळा भरलेली असताना करायची नाही, रिकामी असताना करायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली, झाडलोट झाली, शेवटचा माणूस गेला की पातळी घ्या आणि पंपाचं बटण बंद करून त्यावर कागद चिकटवा. सोमवारी सकाळी पहिला नळ उघडायच्या आत पुन्हा पातळी घ्या. मधल्या काळात कुणीच पाणी वापरलेलं नाही, म्हणून जे उतरलं ते वाया गेलं.

त्या शाळेत शनिवारी दुपारी एक वाजता पाणी ११२ सेंटिमीटर होतं. सोमवारी सकाळी सात वाजता ७७. पस्तीस सेंटिमीटर उतरलं, म्हणजे २१०० लिटर, ४२ तासांत. तासाला पन्नास लिटर. मुख्याध्यापकांना आधी हे पटेना, कारण इमारतीत कुठेही नळ वाहताना दिसत नव्हता. पण तासाला पन्नास लिटर म्हणजे मिनिटाला एक लिटरसुद्धा नाही. एवढं पाणी गाजावाजा न करता ड्रेनेजमध्ये जाऊ शकतं, आणि दिवसाला त्याचे १२०० लिटर होतात.

या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, रविवारी शाळेत खरंच कुणी नव्हतं ना? स्कॉलरशिपचा जादा तास, परीक्षा केंद्र, संस्थेची बैठक, मैदानावर क्रिकेट खेळायला आलेली मुलं, आवारात राहणारं वॉचमनचं कुटुंब. त्यांना आधीच विचारा. त्यांचं पाणी ही गळती नव्हे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पाइप वरच्या टाकीला बुडाशी जोडलेला असेल आणि पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व खराब झाला असेल, तर पंप बंद झाल्यावर वरचं पाणी त्याच पाइपने परत खाली उतरतं. वर गळती दिसते, प्रत्यक्षात पाणी घरातल्या घरात फिरतंय. ओळखायचं कसं? खालच्या टाकीचीही पातळी घ्या. महापालिकेचं पाणी आलेलं नसताना खालची टाकी भरत असेल तर दोष व्हॉल्वचा आहे. पाइप टाकीच्या वरच्या तोंडातून आत येत असेल आणि पाण्यात बुडालेला नसेल तर ही शंका सोडून द्या.

तिसरी गोष्ट वाचनातली चूक. प्रत्येक नोंदीत अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणजे दोन नोंदींच्या फरकात एक सेंटिमीटर, म्हणजे आमच्या टाकीत ६० लिटर. पस्तीस सेंटिमीटरपुढे एक काहीच नाही. पण एका रात्रीत टाकी एकच सेंटिमीटर उतरली तर त्यावरून गळती आहे असं म्हणू नका. मुलांना हे शिकवणं मला फार महत्त्वाचं वाटतं: आपल्या मापाची हद्द कुठे संपते हे माहीत असल्याशिवाय आकडा जाहीर करायचा नाही.

गळती आहे हे ठरलं, आता ती कुठे आहे ते शोधायचं. गच्चीवर टाकीतून खाली जाणारे पाइप दिसतील आणि बहुतेक प्रत्येकाला व्हॉल्व असतो. त्या शाळेत चार होते: पिण्याच्या पाण्याचा, मुलांच्या स्वच्छतागृहाचा, मुलींच्या स्वच्छतागृहाचा आणि प्रयोगशाळा-स्वयंपाकघराचा. एका संध्याकाळी पाच वाजता चारही बंद केले. सकाळी सातला पातळी जशीच्या तशी, म्हणजे टाकीला स्वतःला तडा नाही. मग रोज रात्री एकच व्हॉल्व उघडा ठेवला. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या पाइपवर चौदा तासांत दहा सेंटिमीटर उतरलं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपवर दीड सेंटिमीटर, बाकी दोन्हींवर काही नाही. लिटरमध्ये ६०० आणि ९०. तासाला साधारण ४३ आणि ६. बेरीज ४९. सुट्टीतल्या चाचणीचे पन्नास आणि हे ४९ जुळले, तेव्हा मुलांना स्वतःच्या वहीचा भरवसा वाटला.

एक सावधगिरी: जुने व्हॉल्व फिरवले तरी पूर्ण बंद होत नाहीत. व्हॉल्व बंद करून त्या पाइपवरचा सगळ्यात खालचा नळ उघडा. पाइपात राहिलेलं पाणी निघून गेल्यावर धार पूर्ण थांबली पाहिजे. बारीक धार चालूच राहिली तर त्या व्हॉल्वच्या भरवशावर केलेली चाचणी निरुपयोगी. गंजलेला व्हॉल्व मुलांनी जोर लावून फिरवू नये. तो तुटला तर शाळेला सुट्टी द्यावी लागेल.

मुलांच्या स्वच्छतागृहात सहा फ्लशच्या टाक्या होत्या. प्रत्येकीत खायचा लाल रंग टाकला आणि वीस मिनिटं कुणी फ्लश ओढायचा नाही असं ठरवलं. दोन भांड्यांत लाल पाणी उतरलं. एका टाकीच्या तळाचा रबरी वायसर झिजला होता. दुसरीत बॉल कॉकचा दांडा वर वाकला होता, त्यामुळे पाणी सतत आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून भांड्यात जात होतं. भांड्याच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखं उतरणारं ते पाणी आवाज करत नाही आणि डोळ्यालाही सहज दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या पाइपवर एक नळ काडीएवढ्या बारीक धारेने चालू होता. त्याखाली लिटरची बाटली धरली, ती साडेनऊ मिनिटांत भरली. तासाला सहा लिटर. टाकीवरून आलेला आकडा तोच.

दुरुस्ती झाल्यावर पुढच्या शनिवार-सोमवारी टाकी चार सेंटिमीटर उतरली. २४० लिटर, ४२ तासांत. पस्तीसवरून चारवर. उरलेले चार कुठे जातात ते सापडलं नाही आणि अहवालात तसंच लिहिलं. बरेच अहवाल दुरुस्तीपाशी थांबतात. दुरुस्तीनंतरचं मोजमाप घेतलं नाही तर आपण पाणी वाचवलं असं म्हणायला आधारच राहत नाही.

यानंतर भरलेल्या शाळेचा दिवस मोजायचा. त्या शाळेत हे काम गळतीच्या सोमवारीच केलं, म्हणून तासाचे पन्नास लिटर या हिशोबातही आहेत. साडेसातला टाकी १३५ सेंटिमीटरपर्यंत भरली आणि पंप बंद. अकराला पातळी ६२ वर आली, म्हणजे ७३ सेंटिमीटर गेलं. पुढे टाकी रिकामी होईल म्हणून पंप लावला. चाळीस मिनिटांत पुन्हा १३५. दुपारी दोनला ८८, म्हणजे ४७ सेंटिमीटर. दोन्ही मिळून १२० सेंटिमीटर, ७२०० लिटर. पंप चालू असतानाच्या चाळीस मिनिटांत टाकी चढत असते, तेव्हाचा वापर पट्टीला कळत नाही. म्हणून पंप मधल्या सुट्टीत न लावता तास चालू असताना लावायचा आणि तो वापर अंदाजाने धरायचा. सुट्टी नसलेल्या एका तासात टाकी १५ सेंटिमीटर उतरली होती, म्हणजे ९०० लिटर. त्या हिशोबाने चाळीस मिनिटांचे ६००. एकूण ७८०० लिटर. त्यातून साडेसहा तासांची गळती, सव्वातीनशे लिटर, वजा केली की ७४७५ उरतात. ७५० माणसांत माणशी दहा लिटर.

बहुतेक क्लब इथे चुकीच्या निष्कर्षाला पोचतात. राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर पाण्याची तरतूद सांगितली आहे. मुलं लगेच लिहितात, ‘आमची शाळा ४५ ऐवजी दहाच लिटर वापरते, म्हणजे आम्ही ३५ लिटर वाचवतो.’ तसं नाही. ४५ हा आकडा टाक्या आणि पाइप किती मोठे ठेवायचे यासाठी आहे, शाळेने तेवढं वापरावं म्हणून नाही. उलट दहा लिटर हा आकडा मला काळजीचा वाटतो. वापर कमी असण्याचं कारण काटकसर असू शकतं, तसंच मुलींच्या स्वच्छतागृहात अकरानंतर पाणीच नसतं हेही असू शकतं. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी अनेक शाळांत पाहिलंय. म्हणून आकड्याबरोबर तीन प्रश्न विचारा, आणि मुलींना ते बाईंनी किंवा क्लबमधल्या मुलींनीच विचारावेत: शेवटच्या तासाला नळाला पाणी असतं का, दाराला कडी आहे का, घरून आणलेली बाटली शाळा सुटताना भरलेलीच परत जाते का? त्या शाळेत मुलींच्या बाजूच्या दोन नळांना दुपारी पाणी चढत नव्हतं. ऑडिटची पहिली शिफारस ‘तिथे जास्त पाणी द्या’ अशी झाली. पाण्याच्या ऑडिटमधून पाणी वाढवण्याची सूचना निघाली तर ती दडवू नका.

मग ७४७५ लिटर कशाकशावर गेले याची वाटणी. नळाची धार बादली आणि घड्याळाने मोजायची, आणि तो किती वेळ चालू राहतो ते सुट्टीत उभं राहून टिपायचं. स्वच्छतागृहाची मोजणी दाराबाहेरूनच, आत किती जण गेले एवढीच. मुलींकडे मुलींनी, मुलांकडे मुलांनी. त्या शाळेची वाटणी अशी आली: पोषण आहाराची ताटं धुण्यात १८००, पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रावर १२००, स्वच्छतागृहांत १२००, मुलांच्या मुतारीत ११७०, हात धुण्यात ११५०, फरशी पुसण्यात ३५०. बेरीज ६८७०. सहाशे लिटर हिशोबाबाहेर राहिले, साधारण आठ टक्के. अशा मोजणीत दहा-पंधरा टक्क्यांची तूट चालते. वीसच्या वर गेली तर एखादी जागा सुटली आहे असं समजा. माझ्या अनुभवात ती बहुधा बागेची नळी किंवा मागच्या अंगणातला नळ असते. आणि बेरीज अगदी लिटरला लिटर जुळली तर वही नीट बघा. कुणीतरी ती जुळवून आणलेली असते.

या यादीतल्या दोन ओळींवर थांबण्यासारखं आहे. मुतारीत वर भोकांचा आडवा पाइप असतो आणि वास येऊ नये म्हणून त्याचा व्हॉल्व शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत थोडा उघडा ठेवतात. मिनिटाला तीन लिटर, साडेसहा तास. हात धुवायला साडेसातशे माणसांना लागलं त्याहून जास्त पाणी या एका व्हॉल्वमधून गेलं. शिपाईकाकांशी बोलून तो दर तासाच्या घंटेला दोन मिनिटं आणि मधल्या सुट्टीत पूर्ण वेळ उघडायचा असं ठरलं. वास वाढतो का ते आठवडाभर बघितलं; वाढला नाही. वाढला असता तर वेळ वाढवली असती, कारण मुतारी घाण राहण्यापेक्षा पाणी गेलेलं बरं.

दुसरी ओळ आरओची. यंत्राच्या दोन्ही नळ्या एकाच वेळी दोन बाटल्यांत धरा. त्या शाळेत एक लिटर शुद्ध पाणी निघताना दोन लिटर बाहेर फेकलं जात होतं. ४०० लिटर प्यायला, ८०० गटारात. साधा उपाय म्हणजे ती नळी एका टाकीत सोडून ते पाणी फरशी पुसायला आणि स्वच्छतागृहाच्या बादल्यांना वापरणं. झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार वाढलेले असतात. पण त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नाशिक शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांचं पाणी येतं. धरणाच्या पाण्यात विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, मुळात कमी असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ज्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी घालावी असे निर्देश सरकारला दिले होते. तेव्हा तुमच्या यंत्रात जाणारं पाणी महापालिकेचं आहे की बोअरचं ते आधी शोधा. कुणाकडून टीडीएस मीटर मागून घ्या आणि यंत्रात जाणाऱ्या पाण्यात बुडवा. दीडशे-दोनशे आला तर यंत्र दोन लिटर फेकून तिसऱ्या लिटरमधून असे क्षार काढतंय जे काढायची गरजच नव्हती. मात्र एवढ्यावरून यंत्र काढून टाकू नका. टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि साधा फिल्टर व अतिनील दिव्याचं यंत्र पुरेल का हे ती तपासणी बघून शाळा समितीने ठरवावं. बोअरचं पाणी जड निघालं तर आरओ ठेवा आणि फेकलेलं पाणी पकडा.

महापालिकेच्या मीटरबद्दल थोडं. मीटर चालू असेल तर त्यावरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पण आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, आणि पाणी येण्याआधी पाइपातली हवा मीटरमधून जाते. तेव्हाही काटा फिरतो. त्यामुळे मीटर आणि टाकी यांचे आकडे रोजच्या रोज जुळणार नाहीत. महिन्याची बेरीज करून पाहा. सकाळी पाणी येतं तेव्हा खालच्या टाकीच्या ओव्हरफ्लोकडेही एकदा बघून या. बॉल कॉक अडकलेला असेल तर शाळा भरायच्या आतच हजारो लिटर रस्त्यावर गेलेले असतात आणि गच्चीवरच्या टाकीला त्याचा पत्ताही नसतो.

‘पाणी वाचलं की पंपाची वीजही वाचली’ हे वाक्य तुमच्या अहवालात येणारच, म्हणून त्याचाही हिशोब देतो. त्या शाळेच्या एक अश्वशक्तीच्या पंपाने चाळीस मिनिटांत टाकी ७३ सेंटिमीटर चढवली, म्हणजे ४३८० लिटर, आणि त्याच वेळात वापरले गेलेले ६०० पुरवले. साधारण ५००० लिटर चाळीस मिनिटांत, तासाला साडेसात हजार. असा पंप तासाला सुमारे १.१ युनिट वीज घेतो. म्हणजे हजार लिटरला ०.१५ युनिटच्या आसपास. दिवसाला १२०० लिटरची गळती थांबवली तर वीज वाचते दिवसाला ०.१८ युनिट. तेवढी वीज वर्गातला एक जुना ७५ वॅटचा पंखा अडीच तासांत खातो. शाळेतली वीज पंपात नाही, पंख्यांत, दिव्यांत आणि संगणक कक्षात आहे. ती शोधायची तर महावितरणच्या बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट ओळीने मांडा आणि मे महिन्यात, शाळा बंद असताना, किती युनिट पडले ते आधी बघा. रीत तीच आहे, रिकाम्या शाळेपासून सुरुवात करायची.

कचऱ्याचं काम पुढच्या सत्रात घ्या. तेव्हा घंटागाडी यायच्या आधी आठवडाभर रोज डबे ताणकाट्यावर तोला, ओला आणि सुका वेगळा. परीक्षेचा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा निवडू नका, एवढं सध्या पुरे.

पाण्याची चाचणी दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा करा. उन्हाळ्यात शहरात पाणीकपात लागली तर तो आठवडा वगळा, कारण तेव्हा टाकी भरतच नाही आणि आकडे कमी येतात. अहवाल एका पानाचा ठेवा: टाकीचं माप, शनिवार-सोमवारच्या दोन नोंदी, दुरुस्तीनंतरच्या दोन नोंदी, वाटणीचा तक्ता, मुलींच्या बाजूच्या नळांची स्थिती. खाली नोंद घेणाऱ्यांची सही आणि तारीख. एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि एक शिपाईकाकांना, कारण व्हॉल्व त्यांच्या हातात असतो.